‘तिचा नंबर पाठव ना’ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

समजा, नागपुरात प्रतापनगरला राहणाऱ्या एका बाईंचे वडील घसरून पडले. मांडीचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली आणि परवा ते घरी येणार आहेत. रात्री त्यांच्याजवळ थांबायला कुणी जाणते माणूस हवे. बाईंना आठवते, धरमपेठेतल्या मैत्रिणीच्या सासूबाईंसाठी मागच्या वर्षी एक सिस्टर यायच्या. रात्री नऊला मेसेज जातो : “तुमच्याकडे यायच्या त्या सिस्टरचा नंबर पाठव ना गं. अर्जंट आहे.”

नंबर फोनमध्ये आहेच. पाठवायला दोन सेकंद लागतात आणि बहुतेक जण पाठवून मोकळे होतात. एकीला मदत मिळाली, दुसरीला काम मिळाले, असे मनापासून वाटते. पण ज्यांचा नंबर गेला, त्या सिस्टरना या सगळ्यात कुणी काही विचारलेले नसते.

पहिली समजूत अशी की मागणारी आपली जवळची आहे, मग काळजी कसली? मैत्रिणीवर विश्वास आहे, हे खरे. पण तो विश्वास धरमपेठेतल्या बाईंचा आहे. सिस्टरनी या मैत्रिणीला पाहिलेलेही नाही. शिवाय नंबर मैत्रिणीपाशी थांबेल, असेही नाही. ती तो भावाला देईल, भाऊ रात्रपाळीचे ठरवायला फोन करील, शेजारी विचारतील तेव्हा त्यांनाही जाईल. यात कुणाचीच नियत वाईट नसते. तरीही आठवड्याभरात तो नंबर अशा पाच-सहा फोनांत पोहोचतो, ज्यांची नावे देणाऱ्या बाईंनाही ठाऊक नसतात.

आणि मेसेज खरेच मैत्रिणीने पाठवला आहे का? व्हॉट्सॲपचा सहा आकडी कोड फसवून घेऊन दुसऱ्याचे खाते ताब्यात घेण्याचे प्रकार होतात, आणि त्या खात्यावरून ओळखीच्यांना घाईचे मेसेज जातात. म्हणून ‘अर्जंट’ शब्द दिसला की आधी साधा फोन करून आवाज ऐकावा. मैत्रीण खरीच अडचणीत असेल, तर तिलाही त्या फोनने बरेच वाटेल.

दुसरी समजूत, ‘दहा आकडे तर आहेत, त्यात काय एवढे?’ लँडलाइनच्या काळात हे थोडेफार चालून जाई. 0712 नंतरचा नंबर घराचा असे. फोन वाजला की घरातले कुणीही उचले आणि नको असलेला माणूस तिथेच थांबवता येई. मोबाइलचा नंबर एका माणसाचा असतो आणि त्याला बऱ्याच गोष्टी बांधलेल्या असतात. तो यूपीआयला जोडलेला असेल, तर पैसे पाठवायच्या ॲपमध्ये टाकताच बँकेतले नाव समोर येते. मराठी माणसाच्या बँकेतल्या नावात बहुधा स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव आणि आडनाव असे तिन्ही असते. ज्या सिस्टरना सगळे नुसते ‘सिस्टर’ म्हणतात, त्यांचे पूर्ण नाव असे एका क्षणात कळते. व्हॉट्सॲपवर फोटो सर्वांना दिसेल असे ठेवले असेल, तर चेहराही कळतो, आणि बरेचदा फोटोतली मुलेसुद्धा.

नको असलेले फोन सुरू झालेच, तर नंबर बदलणे सोपे नसते. बँक, आधार, गॅस, मुलांची शाळा, रेशन, सगळीकडे तोच नंबर दिलेला असतो. ब्लॉक केले, तर समोरचा दुसऱ्या सिमवरून फोन करू शकतो. स्त्रीने स्पष्ट नकार दिल्यावरही तिच्याशी पुन्हा पुन्हा संपर्क साधण्याचा प्रयत्न करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे आणि पहिल्या खेपेला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण तक्रार, जबाब, पोलीस ठाण्याच्या खेपा हे सगळे त्या बाईच्या वाट्याला येते. नंबर देणारी व्यक्ती त्यात कुठेच नसते.

तिसऱ्या समजुतीला वरवर बळ मोठे आहे : ‘तिचा नंबर आधीच अनेकांकडे आहे, सोसायटीच्या ग्रुपमध्येसुद्धा आहे.’ इथे पाहायचे ते हे की नंबर कुणी, कुणासाठी आणि कशासाठी दिला होता. सीताबर्डीतल्या दुकानाच्या पाटीवरचा नंबर गिऱ्हाइकांसाठीच रंगवलेला असतो, तो कुणालाही खुशाल द्यावा. डॉक्टरांच्या दवाखान्याचा, प्लंबरने स्वतःच्या कार्डावर छापलेला नंबरही तसाच. सिस्टरनी मात्र आपला नंबर सासूबाईंच्या औषधपाण्यासाठी, यायला उशीर झाला तर कळवता यावे म्हणून दिला होता. आकडे तेच असले, तरी दोन्हींमागची परवानगी वेगळी आहे.

हा फरक स्वीडनमधल्या एका खटल्यात फार स्पष्टपणे पुढे आला. चर्चच्या कामात मदत करणाऱ्या एका महिलेने 1998 मध्ये घरच्या संगणकावर काही वेबपाने तयार केली. त्यांत तिने आपल्या सहकाऱ्यांची माहिती हलक्याफुलक्या भाषेत लिहिली, आणि काहींचे फोन नंबरही दिले. एकीचा पाय दुखावला आहे, हेही लिहिले. हेतू चांगला होता, सहकारीही ओळखीचेच होते. फक्त त्यांना विचारले नव्हते. काहींना ते आवडले नसल्याचे कळताच तिने पाने काढून टाकली, तरी खटला झाला आणि तो युरोपीय न्यायालयापर्यंत गेला. 6 नोव्हेंबर 2003 रोजी न्यायालयाने सांगितले की इंटरनेटवर कुणालाही दिसेल अशी माहिती टाकणे ही घरगुती बाब म्हणून सोडून देता येत नाही.

भारतात काय? इथे दोन उलट गैरसमज शेजारी-शेजारी नांदतात. कुणी म्हणते, न विचारता नंबर दिला तर आता कोट्यवधींचा दंड होतो. कुणी म्हणते, आपल्याकडे खासगीपणाचा कायदाच नाही. दोन्ही खरे नाही.

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने दिला. त्या पीठात नागपूरचे शरद बोबडे होते. नागपूर विद्यापीठातून कायदा शिकलेले, इथल्या खंडपीठात वकिली केलेले. त्या निकालात त्यांनी आपले स्वतंत्र, सहमतीचे मत लिहिले आहे. पुढे ऑगस्ट 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे 18 महिन्यांची मुदत ठेवली आहे. या कायद्याने एक गोष्ट मुद्दाम वगळली आहे : एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेला माहितीचा वापर. म्हणजे धरमपेठेतल्या बाईंनी मैत्रिणीला नंबर दिला, तर त्यांना या कायद्याखाली दंड होणार नाही. पण रुग्णालयाच्या नोंदवहीतून किंवा शिकवणीवर्गाच्या प्रवेशअर्जांच्या संगणकातून तिथल्या कर्मचाऱ्याने आपल्या मित्राला नंबर काढून दिला, तर त्याला घरगुती म्हणता येणार नाही. ती माहिती संस्थेच्या कामासाठी घेतलेली असते. घराघरांतला व्यवहार कायद्याने माणसांच्या समजुतीवर सोडला आहे, म्हणूनच तिथे विचारण्याची रीत असायला हवी.

ही रीत अवघड नाही. तिसऱ्या व्यक्तीचा नंबर मागणाऱ्याला द्यायचा, ही नेहमीची दिशा उलटी करायची. मागणाऱ्याचा नंबर तिसऱ्या व्यक्तीकडे पाठवायचा. धरमपेठेतल्या बाई मैत्रिणीला विचारतील, “तुझा नंबर सिस्टरना देऊ का?” ती तर समोरच आहे, लगेच हो म्हणेल. मग सिस्टरना मेसेज : “नमस्कार सिस्टर. माझ्या मैत्रिणीच्या वडिलांचे मांडीच्या हाडाचे ऑपरेशन झाले आहे. प्रतापनगरला रात्री आठ ते सकाळी आठ, साधारण तीन आठवडे कुणी हवे आहे. तुम्हाला जमण्यासारखे असेल तर तिचा नंबर पाठवते, किंवा तुम्ही म्हणाल तर तुमचा तिला देते. जमणार नसेल तरी काही हरकत नाही.” कोण, कशासाठी, कुठे, किती दिवस हे सगळे त्यात आहे आणि नकाराला जागाही आहे. उत्तर आले नाही, तर होकार मिळाला असे समजू नये.

विचारल्याने असे काही कळते, जे नंबर देणाऱ्याला कधीच सुचले नसते. सिस्टर आता एखाद्या खासगी रुग्णालयात नोकरीला असतील आणि तिथे बाहेरचे काम करायला मनाई असेल. मग अनोळखी माणसांचे फोन त्यांची नोकरी धोक्यात आणू शकतात. किंवा तो नंबर आता त्यांचा नसेलच. बंद पडलेला मोबाइल नंबर निदान 90 दिवस दुसऱ्या कुणाला देत नाहीत, पण त्यानंतर तो नव्या ग्राहकाला मिळू शकतो, असे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगितले होते. दोन वर्षे न वापरलेला नंबर पुढे पाठवला, तर रात्री दहाला एखाद्या भलत्याच घरी फोन वाजू शकतो.

काही जण विचारण्याऐवजी मधला रस्ता काढतात, दोघींना एका ग्रुपमध्ये घालतात. त्याने तर नंबर आधीच उघड होतो आणि सर्वांसमोर नाही म्हणण्याचा अवघडलेपणा वर येतो. होकार मिळाल्यानंतरही एक पाहावे : फोनमधून संपर्काचे कार्ड पाठवताना त्यात दुसरा नंबर, घरचा पत्ता, ईमेल, वाढदिवस असे काहीही साठवलेले असू शकते. नको त्या ओळींवरची खूण काढून टाकावी, नाहीतर फक्त नंबर टाइप करावा.

राहिली भीती मैत्रीण दुखावण्याची. “काहून गं, माझ्यावर विश्वास नाही का?” असे ती म्हणू शकते. ‘देता येत नाही’ असा कोरडा नकार दिला, तर तिला लागणारच. “आत्ताच विचारते त्यांना, उत्तर आलं की कळवते. तोवर वॉर्डातल्या सिस्टरना विचारून ठेव, त्यांच्या ओळखीत कुणी असतं,” असे सांगितले, तर तिचे काम पुढे सरकते. जिवावरचा प्रसंग असेल, तर वाट पाहू नये. 108 ला फोन करावा, आणि तिसऱ्या व्यक्तीशी गाठ घालणे गरजेचे असेल, तर आपणच तिला फोन लावून बोलावे.

आणि घाईत नंबर देऊन बसलो, तर त्याच दिवशी त्या व्यक्तीला सांगावे : कुणाला दिला, कशासाठी, आणि न विचारता दिला ही चूक झाली. म्हणजे अनोळखी फोन आला, तर तो कुठून आला हे तिला कळेल, आणि उचलायचा की नाही ते ती ठरवील.

धरमपेठेतल्या मेसेजला सकाळी सातला, रात्रपाळी संपल्यावर, उत्तर आले असे समजू या : “मॅडम, मला आता बाहेरचं काम घेता येत नाही. माझ्यासोबतची एक सिस्टर करते. तिला विचारून सांगते.”