पाठवले ५,००० डॉलर, पोहोचले ४,९७३. मधले २७ डॉलर गेले कुठे?

नाशिकच्या एका पालकाने मुलीच्या फीसाठी अमेरिकेतील विद्यापीठाच्या खात्यात ५,००० डॉलर पाठवले, असे समजा. बँकेने आपले शुल्क आणि त्यावरचा जीएसटी रुपयांत वेगळा घेतला. तरीही विद्यापीठाचा मेल आला : ४,९७३ डॉलर मिळाले, २७ बाकी. पाठवताना डॉलर आणि मिळतानाही डॉलर, म्हणजे हा विनिमय दराचा फरक नाही. मग पैसे कापले कुणी?

पैसे थेट जात नाहीत
स्विफ्टवरून पैसे जात नाहीत, फक्त संदेश जातो. नाशिकच्या बँकेचे विद्यापीठाच्या बँकेत खाते नसते. तिचे डॉलर खाते न्यूयॉर्कमधील एखाद्या मोठ्या बँकेत असते, त्याला ‘नोस्ट्रो’ खाते म्हणतात. विद्यापीठाची बँक छोटी असेल, तर तिचे खाते आणखी तिसऱ्याच बँकेत असू शकते. त्यामुळे रक्कम दोन मध्यस्थ बँकांच्या वह्यांतून पुढे सरकते. आपल्या उदाहरणात पहिलीने १५ आणि दुसरीने १२ डॉलर रकमेतूनच काढून घेतले.

तीन अक्षरांचा पर्याय
ही कपात होणार की नाही, हे बरेचदा अर्ज भरतानाच ठरते. OUR निवडल्यास सगळे शुल्क पाठवणारा भरतो. SHA म्हणजे आपल्या बँकेचे शुल्क पाठवणाऱ्याकडे, पुढचे घेणाऱ्याकडे. BEN मध्ये सगळे शुल्क घेणाऱ्याच्या माथी. अर्जात काही निवडले नाही, तर अनेकदा SHA धरले जाते.

OUR साठी बँक जास्त शुल्क आधीच घेते. पण तीही पक्की हमी नाही. साखळीतली एखादी बँक तरीही कपात करू शकते. म्हणून ‘पूर्ण रक्कम पोहोचण्याची हमी आहे का?’ हे आधीच विचारावे.

कपात कशी ओळखाल?
बँकेकडून स्विफ्ट संदेशाची प्रत मागा. जुन्या MT103 नमुन्यात 71A या रकान्यात OUR, SHA किंवा BEN दिसते. नव्या pacs.008 नमुन्यात त्यांच्या जागी अनुक्रमे DEBT, SHAR, CRED असते.

मात्र पाठवणाऱ्याच्या प्रतीत वाटेतली कपात दिसत नाही, कारण ती प्रत पैसे निघतानाची असते. कपातीची नोंद विद्यापीठाच्या बँकेत पोहोचलेल्या संदेशात असते; MT103 मध्ये ती 71F रकान्यात येते. शिवाय प्रत्येक व्यवहाराला UETR हा ३६ अक्षरांचा क्रमांक असतो. तो दिल्यास बँक पैशांचा माग काढू शकते.

उरलेले २७ डॉलर
तेवढेच पुन्हा SHA ने पाठवले, तर त्यातूनही कपात होऊन बाकी राहीलच. शिवाय इथल्या बँकेचे शुल्क पुन्हा भरावे लागेल. त्यामुळे ही बाकी पुढच्या हप्त्यात जोडता येईल का किंवा कार्डाने भरता येईल का, हे आधी विद्यापीठाला विचारणे स्वस्त पडते.