बाष्पदाबाची सरळ रेषा आणि तिचा छुपा बाक

पाण्याचा बाष्पदाब २० अंश सेल्सिअसला पाऱ्याचे १७.५ मिलिमीटर असतो आणि ३० अंशांना ३१.८. म्हणजे दहा अंशांत तो १.८ पट होतो. ९० अंशांना तो ५२६ असतो आणि १०० ला ७६०. इथे वाढ आकड्याने प्रचंड आहे, पण पटीत मोजली तर फक्त १.४५. मँचेस्टरच्या जॉन डाल्टनने १८०१-०२ च्या सुमारास अशी मोजमापं केली, तेव्हा त्याला आढळलं की समान अंशांना दाब जवळजवळ समान पटीने वाढतो. पण ही पट हळूहळू कमी होत जाते. ती का कमी होते आणि नेमकी कशी, हे कळायला पुढची पन्नासेक वर्षं लागली.

१८३४ मध्ये फ्रेंच अभियंता एमिल क्लापेरॉनने कार्नोच्या वाफेच्या यंत्रावरील विचारांना गणिताचं रूप दिलं. द्रव आणि वाफ समतोलात असताना तापमान थोडं वाढवलं तर दाब किती वाढेल, हे बाष्पनाची उष्णता आणि आकारमानातला बदल यांवरून काढता येतं, असं त्याने दाखवलं. रुडॉल्फ क्लॉसियसने १८५० मध्ये त्याला उष्णतागतिकीच्या नव्या नियमांचा पाया दिला. याच काळात पॅरिसमध्ये व्हिक्टर रेन्यो पाण्याच्या वाफेचा दाब अतिशय काटेकोरपणे मोजत होता, त्यामुळे सिद्धान्त पडताळायला खात्रीचे आकडेही हाताशी आले.

क्लापेरॉनच्या मूळ समीकरणात तीन सवलती घेतल्या की आपलं ओळखीचं सूत्र मिळतं. वाफेपुढे द्रवाचं आकारमान नगण्य मानायचं, वाफ आदर्श वायू मानायची, आणि बाष्पनाची एन्थॅल्पी तापमानानुसार बदलत नाही असं धरायचं.

ln(P₂/P₁) = (ΔH/R) × (1/T₁ − 1/T₂)

तापमान केल्विनमध्येच हवं, आणि R म्हणजे ८.३१४. दाबाचं एकक कोणतंही चालतं, कारण सूत्रात फक्त दोन दाबांचं गुणोत्तर येतं. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवू, पुढे ती कामाला येणार आहे.

नव्या तापमानाचा दाब

पाण्याचं उदाहरण घेऊ. १०० अंशांना, म्हणजे ३७३.१५ केल्विनला, दाब ७६० मिलिमीटर आणि एन्थॅल्पी मोलमागे ४०.६५ किलोज्यूल. यावरून २५ अंशांचा दाब काढायचा आहे. दोन्ही तापमानांच्या व्यस्तांमधला फरक ०.०००६७४ येतो. ४०,६५० ला ८.३१४ ने भागलं की ४,८८९. दोन्हींचा गुणाकार ३.३०. म्हणजे दाब २७ पटीने उतरायला हवा, आणि उत्तर येतं २८.१ मिलिमीटर.

प्रत्यक्षात २५ अंशांना तो २३.८ मिलिमीटर असतो. आपलं उत्तर १८ टक्क्यांनी जास्त आलं. आकडेमोड बरोबर आहे, अडचण तिसऱ्या सवलतीत आहे. पाणी जितकं थंड, तितके त्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. २५ अंशांना त्यांना सोडवायला मोलमागे ४४ किलोज्यूल लागतात. त्यामुळे खाली येताना खरा दाब आपल्या अंदाजापेक्षा अधिक वेगाने पडतो. दोन्ही टोकांची सरासरी, ४२.३, वापरली तर उत्तर २४.६ येतं आणि चूक साडेतीन टक्क्यांवर उतरते. उरलेली चूक मुख्यतः दुसऱ्या सवलतीची आहे, कारण १०० अंशांची वाफ आदर्श वायूपेक्षा सुमारे दीड टक्का कमी जागा व्यापते.

दाबावरून एन्थॅल्पी

हेच सूत्र उलटं वापरलं की दोन तापमानांच्या दाबांवरून एन्थॅल्पी मिळते. त्याचा एक साधा प्रयोग महाविद्यालयांत करतात. दहा मिलिलिटरची अंशांकित नळी पाण्याने अर्ध्याहून अधिक भरून पाण्याच्या उंच चंचुपात्रात उलटी करायची, म्हणजे वर हवेचा बुडबुडा अडकतो. पात्र तापवायचं आणि निवताना बुडबुड्याचं आकारमान नोंदत जायचं. शेवटी बर्फ घालून ५ अंशांपर्यंत आणायचं. तिथे वाफ एक टक्क्याहून कमी उरते, म्हणून बुडबुडा निव्वळ कोरड्या हवेचा मानता येतो. त्यावरून प्रत्येक तापमानाला हवेचा स्वतःचा दाब किती हे काढायचं, वातावरणाच्या दाबातून तो वजा करायचा, आणि उरतो तो बाष्पदाब.

समजा ५ अंशांना आकारमान ४.० मिलिलिटर, ५० अंशांना ५.३४ आणि ७५ अंशांना ८.४४ आहे. पुण्यासारख्या, समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीच्या शहरात वातावरणाचा दाब ७११ मिलिमीटरच्या आसपास असतो. मग बाष्पदाब ९२ आणि २८९ मिलिमीटर निघतात, आणि त्यांच्यावरून एन्थॅल्पी ४२.८ किलोज्यूल. ८० अंशांवर जाण्यात अर्थ नाही, कारण बुडबुडा दहा मिलिलिटरच्या खुणेपलीकडे जातो.

आता समजा विद्यार्थ्याने वायुदाबमापक न पाहता सवयीने ७६० धरले. दोन्ही बाष्पदाब सात टक्क्यांनी जास्त येतील, पण एन्थॅल्पी तीच, ४२.८ च राहील. वातावरणाचा दाब इथे सगळ्या बाष्पदाबांना एकाच पटीने गुणतो, आणि गुणोत्तर घेतलं की ती पट कटते. ln P विरुद्ध 1/T च्या आलेखावर रेषा वर सरकते, तिचा उतार बदलत नाही. म्हणून एन्थॅल्पी पुस्तकाशी जुळली एवढ्यावरून दाबही बरोबर आहेत असं समजू नये. त्यांची तपासणी वेगळी करावी लागते: निघालेला ५० अंशांचा दाब थेट तक्त्यातल्या ९२.५ शी ताडून पाहायचा.

आकारमानाची चूक मात्र उताराला भिडते. नळी उलटी असल्यामुळे पाण्याच्या वक्र पृष्ठाचं वाचन साधारण ०.२ मिलिलिटरने जास्त येतं आणि ते वजा करावं लागतं. ते विसरलं तर ५० अंशांचा दाब ९२ ऐवजी ८५ येतो, ७५ अंशांचा २८९ ऐवजी २७८. खालच्या तापमानाला बाष्पदाब हा दोन जवळजवळ सारख्या आकड्यांमधला छोटा फरक असतो, म्हणून तिथे तीच चूक टक्केवारीत दुप्पट लागते. रेषा खालच्या टोकाला झुकते आणि एन्थॅल्पी ४४.५ होते. थंड बाजूचे बिंदू रेषेखाली एकाच दिशेने सरकलेले दिसले, तर पहिला संशय आकारमानावर घ्यावा.

४२.८ हे उत्तर बरोबर की चूक?

पुस्तकात १०० अंशांसाठी ४०.६५ आहे, २५ साठी ४४.०. विद्यार्थी यांपैकी एका आकड्याशी तुलना करतो आणि पाच किंवा तीन टक्के चूक लिहून मोकळा होतो. ही तुलनाच चुकीची आहे. दोन बिंदूंमधल्या उतारावरून मिळालेली एन्थॅल्पी त्यांच्या मधल्या तापमानाची असते. इथे ते साडेबासष्ट अंश आहे, आणि त्या तापमानाची खरी किंमत सुमारे ४२.४. म्हणजे प्रयोग एक टक्क्याच्या आत बरोबर आला.

मग एन्थॅल्पी बदलत असूनही आलेख इतका सरळ का दिसतो? कारण दोन सवलतींच्या चुका एकमेकींना अंशतः खोडतात. १०० पासून २०० अंशांपर्यंत पाण्याची एन्थॅल्पी सुमारे १४ टक्क्यांनी घटते. पण वाढत्या दाबाखाली वाफही आदर्शतेपासून दूर जाते, आणि उतार या दोहोंचं गुणोत्तर ठरवतं. ते फक्त सातेक टक्क्यांनी घटतं. रेषा सरळ दिसते म्हणून एन्थॅल्पी स्थिर आहे, असा निष्कर्ष त्यामुळे काढता येत नाही.

हा बाक हिशेबात घ्यायचा सर्वांत सोपा मार्ग लुई अँत्वानने १८८८ मध्ये दिला. त्याने भाजकातल्या तापमानात एक तिसरा स्थिरांक मिळवला. पाण्यासाठी त्याचं सूत्र २५ अंशांना २३.७ मिलिमीटर देतं. पण ते स्थिरांकही ठरावीक तापमानांच्या मर्यादेत बसवलेले असतात. दोन बिंदूंचं साधं सूत्र वापरताना नवं तापमान त्या बिंदूंच्या मध्ये किंवा लगत असावं, आणि एन्थॅल्पी लिहिताना ती कोणत्या तापमानांमधून काढली हे शेजारी लिहावं. त्याशिवाय ४२.८ हा आकडा ना तपासता येतो, ना दुसऱ्या कोणाला वापरता येतो.