एक गाव, पाच नावे

कऱ्हाड तालुक्यातल्या जात्यावरच्या ओव्या आम्ही चौघांनी मिळून गोळा केल्या. प्रत्येकाने आपापल्या संगणकावर नोंदी केल्या, नंतर त्या एका तक्त्यात आणल्या आणि गावनिहाय बेरीज काढली. सर्वाधिक ओव्या उंब्रजच्या निघाल्या, 27. खुद्द कऱ्हाडात आम्ही सर्वांत जास्त दिवस काढले होते, तरी ते मागे कसे पडले, हा प्रश्न पडला.

तक्ता उलगडला तेव्हा कळले की कऱ्हाड पाच ठिकाणी विखुरले होते. 'कराड' 21, शेवटी नकळत मोकळी जागा पडलेले 'कराड' 4, जुन्या छापील लिहिण्यासारखे 'क-हाड' 9, आणि 'कऱ्हाड' दोनदा, 14 आणि 12. एकूण 60. माणूस ही पाचही रूपे एकच वाचतो. संगणक मात्र अक्षरांमागचे क्रमांक जुळवतो आणि एक क्रमांक वेगळा असला तरी नवे गाव धरतो.

सर्वांत फसवी ती शेवटची जोडी. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात. पण एकात अर्धा ऱ नुक्त्याच्या 'ऱ'पासून घडलेला असतो, तर दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह असते. ओळखायची युक्ती सोपी आहे: `=LEN(A2)` हे सूत्र शब्दातली चिन्हे मोजते. पहिल्या 'कऱ्हाड'ला 6 येतात, दुसऱ्याला 7.

अशा वेळी अदृश्य चिन्हे सरसकट पुसून टाकावीत असे वाटते. मीही तसेच केले आणि 'कर्‍हाड'चे 'कर्हाड' झाले. रफार ह-वर चढला आणि सहावे रूप जन्मले! चिन्ह पुसायचे नसते, त्याची पूर्ण जोडी बदलायची असते:

```
=SUBSTITUTE(A2, UNICHAR(2352)&UNICHAR(2381)&UNICHAR(8205), UNICHAR(2353)&UNICHAR(2381))
```

यानंतर `TRIM` लावले की आगेमागेच्या मोकळ्या जागा जातात. 'उम्ब्रज' आणि 'उंब्रज', 'इस्लामपुर' आणि 'इस्लामपूर' अशा जोड्याही नियमाने जुळवता येतात. गावाच्या नावातला 'पूर' दीर्घ लिहावा, असे लेखनाचे नियमच सांगतात. 'कराड' आणि 'कऱ्हाड' मात्र कोणत्याही नियमाने एक होत नाहीत. ते एकच आहेत हे माणसाने ठरवून लिहून ठेवावे लागते.

इथवर एका गावाची अनेक गावे झाली होती. उलटी चूक मी स्वतः केली, आणि ती अधिक महागात पडली असती. 'बुद्रुक', 'बु.' आणि 'बु॥' या रूपांचा कंटाळा येऊन मी नावांच्या शेपट्याच काढून टाकल्या. रेठरे गावाच्या 47 ओव्या झाल्या. दहापेक्षा कमी ओव्या मिळालेल्या गावांत पुन्हा जायचे, असे आमचे ठरले होते. रेठरे त्या यादीतून गळाले.

पण रेठरे बुद्रुक आणि रेठरे खुर्द ही याच तालुक्यातली दोन स्वतंत्र गावे. बुद्रुक म्हणजे थोरले, खुर्द म्हणजे धाकटे. ही शेपटी म्हणजे नावाचा सांगाडाच. मूळ वह्या काढल्या. बुद्रुकच्या 34, खुर्दच्या 5, आणि नुसते 'रेठरे' लिहिलेल्या 8. या आठांपैकी सहा गाणाऱ्या बायका वहीतल्या पत्त्यांवरून बुद्रुकच्या ठरल्या, एक खुर्दची. एकीचा पत्ता लागला नाही. ती नोंद आम्ही 'रेठरे (अनिश्चित)' अशीच ठेवली. बेरीज 40, 6 आणि 1. म्हणजे खुर्दला पुन्हा जाणे भागच होते.

तेव्हापासून मी मूळ नोंदीला हात लावत नाही. शेजारी वेगळा तक्ता ठेवतो: वहीत लिहिलेले नाव, तालुका, ठरवलेले नाव आणि जनगणनेतला गावाचा संकेतांक. बेरीज नेहमी संकेतांकावर करतो. तालुक्याचा रकाना लागतोच, कारण रेठरे हरणाक्ष वाळवा तालुक्यात आहे, आणि वडगाव तर किती तालुक्यांत आहे! संकेतांक नसलेली नावे वेगळी काढून ती एकेक करून वाचावी लागतात. शेवटी एक पडताळा उरतो. नावे जुळवण्याआधीची आणि नंतरची एकूण संख्या तीच यायला हवी. मात्र दोन गावे चुकून एक झाली, तर या पडताळ्यात ते दिसत नाही. त्यासाठी वहीच उघडावी लागते.

खुर्दला आम्ही पुन्हा गेलो. पहिल्या फेरीत गाणाऱ्या दोघींपैकी एक आजी आता नव्हत्या. दुसरीने दोन दिवसांत 19 ओव्या दिल्या. त्या आता खुर्दच्याच नावावर आहेत.