आजीच्या खोलीचं छत

गेल्या दिवाळीआधी आमच्या इंदूरच्या घरात रंगकाम काढलं. भिंतींच्या रंगावरून आठवडाभर वाद झाले, छताबद्दल मात्र कुणी तोंडच उघडलं नाही. छत म्हणजे पांढरं, त्यात विचारायचं काय? दुकानातला सगळ्यात शुभ्र पांढरा आणून तिन्ही खोल्यांत मारून घेतला.

हॉल आणि माझी खोली झकास दिसली. आजीच्या खोलीत मात्र छत राखाडी वाटत होतं. आजीचं गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे ती बराच वेळ पडून असते. ती म्हणाली, "बाळा, सदा आभाळ भरून आल्यासारखं वाटतंय गं. दिवसभर वर बघायचंय ते मलाच."

पेंटरभैयांनी तिसरा हात मारला. पैसे गेले, छत होतं तसंच राहिलं.

मी प्रोग्रॅमर. चूक कुठे आहे ते कळल्याशिवाय झोप लागत नाही. एक कोरा कागद खिडकीजवळ उभा धरला, तर पांढराशुभ्र. तोच स्टुलावर चढून छताला टेकवला, तर छताइतकाच राखाडी. म्हणजे रंगाचा दोष नव्हता, तिथे पोचणाऱ्या उजेडाचा होता.

छताचं तोंड खाली असतं. खिडकीतून आलेला आकाशाचा उजेड आधी जमिनीवर पडतो आणि तिथून उसळून छताला लागतो. आजीची खिडकी उत्तरेला, तिथे ऊन जवळजवळ येतच नाही, येतो तो आकाशाचा निळसर उजेड. खाली जुनी कोटा फरशी, हिरवट-करड्या रंगाची. ती बराचसा उजेड गिळते आणि उरलेल्याला आपली छटा देते. शुभ्र पांढऱ्याला स्वतःचा रंग नसल्यामुळे तो हे सगळं जसंच्या तसं दाखवतो. त्यातून बऱ्याच शुभ्र रंगांत किंचित निळसर झाक असते. पूर्वी चुन्यात नीळ घालायचे, तसंच. उन्हाच्या खोलीत ती झाक खुलते, उत्तरेच्या खोलीत मात्र थंड दिसते.

खात्री करायला खिडकीखाली जुनी पांढरी चादर अंथरली. छत लगेच उजळलं! हा प्रयोग तुम्हीही करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

मग ऑफ-व्हाइट निवडायला बसलो. शेड कार्ड हातात धरून निवडू नका. हातातलं कार्ड वर तोंड करून आकाशाचा उजेड घेतं, छताला तो थेट मिळतच नाही. मी दोन फुटी पुठ्ठ्यांवर दोन-दोन हात मारले, एक दिवस वाळू दिले आणि दुहेरी टेपने छताच्या मधोमध चिकटवले. सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि रात्री दिवा लावून पाहिले. शुभ्र छताच्या शेजारी कुठलाही ऑफ-व्हाइट मळकट वाटतो, म्हणून पुठ्ठ्याभोवती करडा कागद लावून बाकीचं छत झाकलं.

हिरवट झाकेचा नमुना कोटा फरशीमुळे आजारी दिसला. साईसारखा पिवळा दुपारी बरा वाटला, पण संध्याकाळी अंधारला. छटा जितकी गडद, तितका उजेड ती खाते. शेवटी किंचित गुलाबी-पिवळी झाक असलेला, जवळजवळ पांढराच रंग ठरला. ऑफ-व्हाइटने उजेड वाढत नाही, फक्त त्याचा थंडपणा जातो. उजेडासाठी खिडकीखाली फिकट रंगाची सतरंजी टाकली आणि आजी अडखळू नये म्हणून तिच्या कडा टेपने चिकटवल्या.

हॉलचं छत आम्ही बदललं नाही. तो पश्चिमेचा आहे आणि खाली क्रीम टाइल्स आहेत. संध्याकाळचं ऊन टाइल्सवरून उसळून छत आपोआप सोनेरी करतं. तिथे ऑफ-व्हाइट मारला असता, तर धुराने पिवळं पडल्यासारखं दिसलं असतं.

माझी खोली दक्षिणेची. भरपूर उजेड, आणि लॅपटॉपवर काम करताना शुभ्र छत डोळ्यांवर येतं. तिथे छटा परवडते. भिंतीच्या फिकट हिरव्या रंगाच्या फॉर्म्युल्यातले रंगद्रव दुकानदाराला पाव प्रमाणात घालायला सांगितले. पूर्ण ताकदीचा तोच रंग छतावर नेला असता, तर भिंतीपेक्षा गडद दिसला असता, कारण तिथे उजेड कमी पोचतो. फिनिश मॅटच घ्या. चकचकीत छतावर खिडकीच्या तिरप्या उजेडात रोलरचे पट्टे आणि पुट्टीचे उंचवटे उठून दिसतात.

आजीच्या खोलीत एक गोष्ट राहून गेली होती. दिवसा छान वाटणारं छत रात्री पुन्हा निळसर व्हायचं. पाहिलं तर ट्यूब 6500 केल्व्हिनची. ती काढून 4000 ची लावली. आता आजीची एकच तक्रार आहे: नव्या छताखाली तिचा पांढरा पंखा फारच निळा दिसतो म्हणे.