चुकांची वही

घरी एकट्याने इंग्रजी शिकणाऱ्या प्रौढ माणसाला व्याकरणाचे नियम बहुधा ठाऊक असतात, काही तर तोंडपाठही असतात. तरी त्याच चार-सहा चुका वर्षानुवर्षे होत राहतात आणि लाल शाईने त्या दाखवायला शेजारी कोणी नसते. अशा माणसाने चुकांची एक वेगळी वही ठेवावी, असे मी आग्रहाने सांगते.

पण शिक्षक नसताना चूक झाली हे कळायचे कसे? यावर एक जुना आणि भरवशाचा उपाय आहे. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीचे शिक्षक रॉजर ॲशम यांचे ‘द स्कूलमास्टर’ हे पुस्तक 1570 मध्ये प्रसिद्ध झाले. लॅटिन शिकवण्यासाठी त्यांनी त्यात दुहेरी भाषांतराची रीत सांगितली आहे. आपण ती अशी वापरावी: चांगल्या इंग्रजीतला पाच-सहा ओळींचा उतारा घ्यायचा, त्याचे मराठी करायचे, मूळ उतारा बाजूला ठेवायचा. चार दिवसांनी फक्त मराठी समोर ठेवून पुन्हा इंग्रजी लिहायचे आणि मग मुळाशी ताडून पाहायचे.

समजा, मूळ वाक्य होते, ‘दे हॅव लिव्ड इन नाशिक फॉर टेन यर्स.’ आपण मराठी केले, ‘ते दहा वर्षांपासून नाशिकमध्ये राहतात.’ चार दिवसांनी हातून उतरले, ‘दे आर लिव्हिंग इन नाशिक सिन्स टेन यर्स.’ इथे चुका दोन आहेत, म्हणून वहीत नोंदीही दोन हव्यात. ‘सिन्स’ का आले? मराठीत ‘2015 पासून’ आणि ‘दहा वर्षांपासून’ दोन्हीकडे ‘पासून’च लागते. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगताना ‘सिन्स’ आणि किती काळ ते सांगताना ‘फॉर’. दुसरी चूक क्रियापदाची. पूर्वी सुरू होऊन आजही चालू असलेली गोष्ट मराठी साध्या वर्तमानकाळात सांगते, इंग्रजीला तिथे ‘हॅव’ लागतो.

नोंदीत चार गोष्टी असाव्यात: मराठी वाक्य, आपले चुकलेले पूर्ण वाक्य, बरोबर वाक्य, आणि चूक का झाली याची एक ओळ. ही शेवटची ओळच सर्वांत मोलाची. नुसते ‘काळ चुकला’ लिहून काही हाती लागत नाही. ‘मराठीतल्या “राहतात”मुळे वर्तमानकाळ वापरला’ असे लिहिले की पुढच्या वेळी नेमके कुठे थबकायचे ते कळते. ‘डिस्कस अबाउट’सारखी चूकही अशीच उलगडते. आपल्याकडे चर्चा कशाविषयी तरी होते, म्हणून ते ‘अबाउट’ चिकटते.

मात्र सापडलेले सगळेच वहीत उतरवू नये. मुळापेक्षा वेगळे लिहिले म्हणजे चुकलेच असे नसते. शंका आली तर शिकणाऱ्यांसाठीच्या शब्दकोशातली उदाहरणवाक्ये पाहावीत. शिवाय पिट कॉर्डर या भाषाशास्त्रज्ञांनी 1967 मध्ये केलेला भेद इथे उपयोगी पडतो: घाईत झालेली हातचूक वेगळी आणि नियमच चुकीचा बसल्याने होणारी चूक वेगळी. मूळ उघडण्याआधी आपले लिखाण एकदा स्वतः वाचावे. जे तेव्हाच खटकले ती हातचूक, ती सोडून द्यावी. जे वाचूनही बरोबरच वाटले ते वहीत जावे.

दर आठवड्याला नोंदी चाळून सारख्या कारणांपुढे एकच खूण करावी. ज्या खुणेच्या नोंदी सर्वांत जास्त, तोच पुढच्या आठवड्याचा अभ्यास. ‘उपपदे’ असे एकच मोठे खाते मात्र उघडू नये. मराठीत ‘अ’ आणि ‘द’ नाहीत, त्यामुळे ते लगेच भरते आणि त्यातून काहीच कळत नाही. ‘एकवचनी नामाआधी “अ” राहिला’ इतके बारीक खाते कामाचे. उजळणी करताना चुकलेले वाक्य झाकून ठेवावे, नाहीतर तेच डोळ्यांत बसते. मराठी वाक्यावरून इंग्रजी नव्याने लिहावे.

एक धोका फार कमी लोकांच्या लक्षात येतो. एखादी चूक वहीतून नाहीशी होते, कारण आपण ती रचना वापरायचेच टाळू लागतो. जॅकलिन शॅक्टर यांनी 1974 मध्ये हे दाखवून दिले: चिनी आणि जपानी विद्यार्थ्यांच्या संबंधदर्शक उपवाक्यांत चुका कमी होत्या, कारण तशी वाक्ये ते कमीच लिहीत. म्हणून खूण शांत झाली की मुद्दाम तोच विषय घ्यावा. आपण कुठे किती वर्षे राहतो, कोणती सवय केव्हापासून आहे, यावर दहा ओळी लिहाव्यात. दोन-तीन वेगळ्या लेखनांत ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ आपोआप जागेवर पडले, तरच ते खाते बंद करावे.

उच्चार आणि बोलण्याची लकब ही वही सुधारणार नाही, त्यासाठी ऐकणारा कान लागतो. व्याकरणापुरती मात्र ती पुरेशी आहे. आजच एक छोटा उतारा निवडा आणि त्याचे मराठी करून ठेवा.