भिंतीवरची कोरी जागा

कोकणातल्या एका घराचं थ्रीडी मॉडेल तयार आहे असं धरू. जांभ्याच्या भिंती, मंगळुरी कौलांचं छप्पर, पुढे चार खांबांची पडवी, लाकडी गजांच्या दोन खिडक्या. मापं चोख आहेत, पण घर खेळण्यातल्यासारखं गुळगुळीत दिसतं. त्यावर खरा चिरा आणि पावसानं काळवंडलेलं कौल चढवायला आता चित्रं घडवणारं एआय मॉडेल वापरतात. मोकळं सोडलं तर ते चिरा फार सुंदर काढतं, पण चार खांबांचे पाच करतं.

त्याला लगाम घालण्याची सोय 2023 साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या ल्वमिन झांग आणि सहकाऱ्यांनी केली. तिचं नाव कंट्रोलनेट. शब्दांतल्या वर्णनाबरोबर तुम्ही एक मार्गदर्शक चित्रही देता. ते डेप्थ मॅप असेल, तर जवळचं पांढरं आणि दूरचं काळं दिसतं. एज मॅप असेल, तर काळ्यावर पांढऱ्या रेघांनी फक्त कडा. या कडा शोधण्याची सर्वांत रुळलेली पद्धत जॉन कॅनी यांची, 1986 सालची. दोन्ही मॅप एकदम देता येतात आणि कुणाचं किती ऐकायचं हे वजनाच्या आकड्यानं ठरतं.

बहुतेक जण सुरुवातीला दोन्ही वजनं 1.0 ठेवतात. मग घर जागचं हलत नाही, पण कडांना शाईची बाह्यरेषा आल्यासारखी दिसते आणि भिंत रंगवलेल्या पुठ्ठ्याची वाटते. दोन्ही मॅपचा दाब बेरजेनं लागतो, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. एज मॅपमधली कोरी जागासुद्धा बोलते. जिथे रेघ नाही तिथे कडा नाही, असाच तिचा अर्थ मॉडेल शिकलेलं असतं. जांभ्याची ओळख म्हणजे त्याची भोकं आणि खड्डे, म्हणजे बारीक कडाच. कोऱ्या भिंतीचा एज मॅप जोरात लावला की त्या खड्ड्यांना मनाई होते. डेप्थ मॅपचं तसं नाही. चिऱ्यावरचा खड्डा जेमतेम सेंटिमीटरभर, त्यामुळे तो काढला तरी डेप्थ मॅपशी भांडण होत नाही.

म्हणून भार डेप्थवर टाकावा आणि एज मॅपला लवकर निरोप द्यावा. चित्र गोंगाटातून पायरीपायरीनं उमटतं. पहिल्या पायऱ्यांत मांडणी ठरते, शेवटच्या पायऱ्यांत पोत. या घरासाठी मी कम्फीयूआयमध्ये असे आकडे धरून सुरुवात करीन:

```
depth: strength 0.70, end_percent 0.80
canny: strength 0.40, end_percent 0.45
```

म्हणजे जवळपास निम्म्या वाटेवर रेघांचा हात सुटतो. तोवर खांब, वासे, चौकटी जागेवर बसलेल्या असतात आणि उरलेल्या वाटेत भिंतीला खडबडीतपणा येतो. सीड कायम ठेवून एका वेळी एकच आकडा बदलावा, नाहीतर फरक कशानं पडला ते कळत नाही.

मात्र डेप्थ मॅपच कच्चा असेल तर वजन वाढवून उपयोग नाही. आठ बिटच्या मॅपमध्ये करड्याच्या 256 छटा असतात. दृश्य 40 मीटर खोल असेल आणि छटा सरळ प्रमाणात वाटल्या, तर एका छटेला जवळपास 16 सेंटिमीटर येतात. भिंतीत 10 सेंटिमीटर आत बसवलेली खिडकी मग सपाट होते. घर कॅमेऱ्यापासून 8 ते 20 मीटरच्या टप्प्यात असेल, तर तेवढाच टप्पा पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत ताणावा. छटेला 5 सेंटिमीटरही येत नाहीत आणि खिडकी पुन्हा आत जाते. थ्रीडी मॉडेल हाताशी आहे, तेव्हा हा मॅप थेट त्यातूनच काढावा. चित्र पाहून खोलीचा अंदाज बांधणाऱ्या साधनाची गरज नाही.

रेघांचंही तसंच. रेंडर केलेल्या चित्रावर कॅनी चालवली तर खांबाच्या सावलीचीही कड उमटते आणि मॉडेल तिथे पायरी बांधून टाकतं. मॉडेलमधूनच निव्वळ कडांचं रेखाचित्र काढलं की हा घोळ टळतो. त्यातूनही कौलांच्या रेघा मी पुसून टाकतो. या मॉडेलांच्या आतलं चित्र आडवं-उभं आठपट लहान असतं, त्यामुळे तीन-चार पिक्सेलवरच्या रेघा एकमेकींत मिसळून छपरावर वळवळ दिसते. रेघा नसल्या की ते कौलं नीट काढतं, पण ओळी मोजून घालत नाही. छपराच्या ओळी ठरल्याप्रमाणेच हव्या असतील तर ही पद्धत तिथे पुरी पडत नाही.

खिडकीच्या गजांबाबत उलट. गज बारीक, चौकटीच्याच पातळीत, डेप्थला ते जवळपास दिसतच नाहीत. त्यांच्या रेघा ठेवाव्याच लागतात.

तयार चित्रावर मूळ रेखाचित्र अर्धपारदर्शक ठेवून पाहावं. खांब सरकला असेल तर डेप्थचं वजन 0.1 ने वाढवावं. खांब जागेवर आहेत पण गज चारचे तीन झालेत, तर कॅनीचं `end_percent` 0.55 करावं आणि लगेच शेजारचा चिरा मोठा करून बघावा, त्यातली भोकं अजून आहेत ना.