गोचिडाचा ताप आणि ८४ कॅप्सूल

‘डॉक्टर खूप छान आहेत, आमचा ब्रूनो बरा झाला.’ पशुवैद्यांबद्दलचे बहुतेक अभिप्राय एवढ्यावरच आटोपतात. जनावर वाचलं की डॉक्टर देव, दगावलं की लुटारू. पण आजाराचा शेवट काही दर वेळी डॉक्टरच्या हातात नसतो. मालकाच्या डोळ्यांसमोर जे घडतं, त्यावरून मात्र बरंच ताडता येतं. आपल्याकडे नेहमी आढळणाऱ्या गोचिडाच्या तापाचंच उदाहरण घेऊ.

तीस किलोचा एक लॅब्रॅडॉर. दोन दिवस त्याने पोळीला तोंड लावलेलं नाही. आंघोळ घालताना ग्रूमरला त्याच्या बोटांच्या बेचक्यात गोचिडी दिसल्या आणि त्याने मालकिणीला बोलावून त्या दाखवल्या. (ग्रूमरची पारख करायची तर इथे करावी. रिबिनी कोणीही बांधतं. कानाच्या घडीत आणि बोटांच्या मध्ये किती जण बघतात?) दवाखान्यात ताप भरला १०४ अंश फॅरनहाइट. कुत्र्याचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम, साधारण १०१ ते १०२.५. म्हणजे हा ताप खराच होता.

हाताचा हळुवारपणा इथूनच दिसू लागतो. स्टीलच्या गुळगुळीत टेबलावर मोठ्या कुत्र्याचे पाय घसरतात आणि तो निम्मा तिथेच घाबरतो. टेबलावर रबरी चटई होती का? की डॉक्टरांनी सरळ फरशीवर बसूनच त्याला तपासलं? तो जीभ ओठांवरून फिरवायला लागला, जांभया देऊ लागला, मान वळवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवू लागला, तेव्हा डॉक्टर क्षणभर थांबले का? कुत्रा भ्यायल्याच्या या खुणा आहेत. तोंडाला मझल बांधलं म्हणून मात्र गुण कापू नयेत. दुखणाईत कुत्रा मायेच्या माणसालाही चावतो. मझल कसं बांधलं आणि काम झाल्याबरोबर काढलं का, हे पाहावं.

रक्त पुढच्या पायातून घेतलं. प्लेटलेट आल्या ६२ हजार. निरोगी कुत्र्यात त्या साधारण दोन ते पाच लाख असतात. प्लेटलेट कमी असल्या की सुई टोचलेली जागा वाहत राहते, म्हणून तिथे नेहमीपेक्षा जास्त वेळ कापूस दाबून धरावा लागतो. “ताई, सोडू नका, अजून थोडं धरा,” असं डॉक्टर म्हणाले आणि का ते सांगितलं, तर समजावण्याची परीक्षा तिथेच पास. आणखी एक गोष्ट जाणकार डॉक्टर सांगतात. नमुन्यात प्लेटलेटच्या गुठळ्या झाल्या तर यंत्र आकडा खोटाच कमी दाखवतं, म्हणून काचेवर रक्ताचा थर पसरून तो सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो. त्याच काचेवर कधी कधी जंतूही सापडतात, पण नाही सापडले म्हणजे आजार नाही, असं नव्हे.

आता पैसे. एर्लिकिया या जंतूवर नेहमीचं औषध डॉक्सीसायक्लिन. मात्रा किलोमागे रोज दहा मिलिग्रॅम, मुदत २८ दिवस. तीस किलोला रोज ३०० मिलिग्रॅम, म्हणजे शंभरच्या तीन कॅप्सूल, एकूण ८४. हा हिशेब पहिल्याच दिवशी मांडता येतो. तरी चिठ्ठीवर दहाचं एकच पाकीट लिहून “संपलं की या” म्हणणारे डॉक्टर भेटतात. मालक चौथ्या दिवशी पाकीट संपवतो, तोवर कुत्रा भाकरीवर तुटून पडत असतो, आणि उपचार तिथेच थांबतात. खर्च सांगायचा तर पूर्ण सांगावा: आजची तपासणी, आठवड्याने पुन्हा रक्त, २८ दिवसांचं औषध, गोचिडीनाशक. सलाइन आणि भरती लागलीच, तर दिवसाचे किती, हेही आधीच. अशा वेळी मोठा आकडाही खटकत नाही. बिलाच्या तळाशी अचानक उगवलेला खटकतो.

औषध कसं द्यायचं, हे सांगितलं का? आपल्याकडे गोळी म्हटलं की दह्यात नाही तर पनीरमध्ये. पण दुधातलं कॅल्शियम डॉक्सीसायक्लिनला धरून ठेवतं आणि ते कमी शोषलं जातं. उपाशीपोटी दिलं तर उलटी होते. म्हणजे चिकनभात चालेल, दहीभात नको. ही दोन वाक्यं न सांगितल्यामुळे औषध वाया जातं आणि मालक डॉक्टर बदलतो.

बहुतेक कुत्री दोन-तीन दिवसांत ताजीतवानी होतात. दवाखान्यातून चौकशीचा फोन यावा तो याच सुमारास, कारण औषध सोडून देण्याचा मोह तेव्हाच होतो. कोर्स संपल्यावर कुणी पुन्हा अँटिबॉडीची किट चाचणी सुचवली, तर कारण विचारावं. ती चाचणी कुत्रा बरा झाल्यावरही कित्येक महिने पॉझिटिव्ह येऊ शकते आणि तेवढ्यावरून पुन्हा औषधं सुरू झालेली घरं आहेत. बघायच्या त्या प्लेटलेट.

त्या मालकिणीने शेवटी अभिप्राय लिहिला तो असा: ‘फरशीवर बसून तपासलं. पूर्ण महिन्याचा खर्च कागदावर लिहून दिला. तिसऱ्या दिवशी फोन आला. दह्याचं मात्र सांगितलं नाही. ते आम्हाला औषधाच्या दुकानात कळलं.’